चष्मा मोडला म्हणजे काय मोडलं? संहितेतलं न बोललेलं ओळखायची रीत

आमच्या गावात काल्याच्या रात्री देवळासमोर मराठी नाटक होतं. गाव फोंडा तालुक्यातलं. घरात आम्ही कोंकणी बोलतो, पेपर मराठी वाचतो आणि नाटकही मराठीच करतो. पहिली तीन वर्षं मी प्रॉम्प्टर होतो. चौथ्या वर्षी नाटक लांबलं, तेव्हा दिग्दर्शकांनी संहिता माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "नको ती वाक्यं पेन्सिलीनं काप." मी इमानेइतबारे बसलो. एका प्रवेशात वहिनीचं वाक्य होतं, "चष्मा मोडलाय माझा." त्यावर आडवी रेघ मारून समासात लिहिलं, "विषयांतर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पान पाहिलं आणि विचारलं, "विषय कुठला, ते सांग आधी."

"फोंड्याला जायचा," मी म्हटलं.

"मग तू अख्ख्या नाटकाचा जीव कापलास, बाबा."

पात्र बोलतं एक आणि त्याला म्हणायचं असतं दुसरं. तालमीत याला सगळे सबटेक्स्ट म्हणतात. 'सबटेक्स्ट पकड' हे नव्या पोरांना दहादा ऐकवलं जातं, पण पकडायचा कुठून ते कुणी सांगत नाही. मला ते चुका करत करत कळलं. तोच प्रवेश इथे देतो आणि त्यावरच एकेक पायरी दाखवतो.

काय लागेल

संहितेची स्वतःची प्रत, कागदाच्या एकाच बाजूला छापलेली. समोरचं कोरं पान लिहायला लागतं. पेन्सिल आणि खोडरबर घ्या, पेन नको, कारण निम्म्या खुणा नंतर पुसाव्या लागतात. शिवाय नाटक अजिबात न वाचलेलं एक माणूस. त्याचं काम शेवटी आहे, तोवर त्याला काही सांगू नका.

प्रवेश

चवथीच्या आदल्या दिवसाची दुपार. वहिनी स्टुलावर उभी राहून गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी बांधतेय. कोपऱ्यात सासूबाई डोळे मिटून पडल्या आहेत. धाकटा दीर सुहास डोंबिवलीहून आत्ताच आलाय.

सुहास : माटोळी यंदा रिकामी दिसते, वहिनी.
वहिनी : नारळाची पेंड राहिलीय. नारळ काढायला पाडेली मिळत नाही. आंबाडे, तोरिंजन सगळं आलंय.
सुहास : देवखोलीवर अजून गळतं?
वहिनी : दोन कौलं फुटली होती. ह्यांनी मे महिन्यातच बदलली. हातपाय धुवा, भावजी.
सुहास : यंदा पाऊसही फार झाला.
वहिनी : घराला सवय आहे.
सुहास : चवथ झाली की एक दिवस मोकळा ठेवाल? फोंड्याला जाऊन येऊ. अर्ध्या तासाचं काम.
वहिनी : चष्मा मोडलाय माझा.
आई : (डोळे न उघडता) कोण जातंय फोंड्याला?
वहिनी : कोणी नाही, आई. चष्म्याचं बोलत होते.
सुहास : मी करून देतो चष्मा.
वहिनी : नको. माटोळी दिसते तेवढी.

१. आधी सरळ अर्थ लिहा

समोरच्या कोऱ्या पानावर प्रत्येक वाक्याचा साधा, शब्दाला शब्द अर्थ लिहा. 'माटोळीत नारळ नाहीत.' 'छप्पर दुरुस्त झालंय.' 'चष्मा मोडला आहे.' हे काम कंटाळवाणं वाटतं, पण टाळू नका. नवा माणूस पहिल्या वाचनातच 'इथे ती चिडलीय', 'इथे याचा डाव आहे' असं लिहून मोकळा होतो, आणि मग संहितेऐवजी स्वतःच्या टिपणाचीच तालीम करत बसतो.

सरळ अर्थ खरा असू शकतो हेही इथेच लक्षात येतं. वहिनीचा चष्मा खरोखर मोडलेला आहे. पहिल्या अंकात तो पाटावरून पडतो आणि दांडीला दोरा बांधलेला आपण पाहतो. सबटेक्स्ट म्हणजे खोटं बोलणं, असा माझा बरेच दिवस समज होता. तसं काही नाही. उलट सरळ अर्थ खरा असला तर बोलणाऱ्याला अधिक बळ येतं, कारण त्याला कुणी पकडू शकत नाही.

२. सांधा निखळलाय कुठे ते पाहा

आता वाक्यं सोडा आणि वाक्यांच्या मधली जागा पाहा. प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर मिळालंय का? 'गळतं का?' याला उत्तर आहे. 'दिवस मोकळा ठेवाल?' याला 'हो' नाही, 'नाही' नाही, 'कधी?'सुद्धा नाही. मिळतो तो चष्मा. अशा ठिकाणी समासात फुली मारा.

माझी चूक नेमकी इथेच झाली. जे वाक्य आधीच्या वाक्याला जुळत नाही ते फालतू, असं मी धरून चाललो होतो. दिग्दर्शकांच्या लेखी जिथे जुळत नाही तिथेच थांबायचं होतं.

आणखी एक फुली लागते ती उत्तर गरजेपेक्षा लांब असेल तिथे. 'गळतं का?' एवढ्याच प्रश्नाला 'आता नाही' पुरलं असतं. वहिनी सांगते की कौलं दोन होती, ती कुणी बदलली आणि कधी बदलली. न विचारलेले तीन तपशील. 'ह्यांनी' हा शब्द तर तिनं मुद्दाम पुढे ठेवलाय: छपराची काळजी कोण घेतं ते बघून ठेवा, भावजी.

पण एका फुलीवर इमला बांधू नका. सुहासची भूमिका वाचताना मला आधी वाटलं होतं, बिचारा घराच्या ओढीनं विचारपूस करतोय. मग त्याची पहिली तीन बोलणी ओळीनं लिहिली: माटोळी रिकामी, छप्पर गळतं, पाऊस फार. तीनही वेळा तो घरातलं उणंच काढतो. हे घर आता झेपणारं नाही, असं तो वहिनीच्या तोंडून वदवून घेऊ पाहतोय. एखाद्या अर्थाला संहितेतून निदान दोन आधार मिळाले तर तो ठेवा. एकच मिळाला तर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढा आणि पुढे जा.

३. कोणाला काय माहीत आहे ते मागच्या पानांवर शोधा

फुली कुठे मारायची ते कळलं, पण तिथे काय दडलंय ते त्या पानावर सापडत नाही. मागे जावं लागतं. आमच्या नाटकात पहिल्या अंकात सुहासच्या नावे एका बिल्डरचं पत्र येतं आणि वहिनी ते वाचते. तिनं ते वाचलंय हे सुहासला ठाऊक नाही. आणि आईला तर यातलं काहीच माहीत नाही.

दुसरी गोष्ट संहितेच्या बाहेरची, पण गोव्यातल्या प्रेक्षकाला न सांगता कळणारी. आपल्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायको मालमत्तेचे निम्मे-निम्मे वाटेकरी असतात, आणि घर किंवा जमीन विकायची तर दोघांच्याही सह्या लागतात. म्हणजे थोरला भाऊ उद्या कबूल झाला तरी वहिनीच्या सहीवाचून घर विकता येणार नाही. 'फोंड्याला अर्ध्या तासाचं काम' म्हणजे सब-रजिस्ट्रारचं ऑफिस. आता 'चष्मा मोडलाय' परत वाचा. सही करायची तर आधी कागद वाचावा लागतो, आणि वाचायला चष्मा लागतो.

हेच नाटक गोव्याबाहेर केलं तर हे वाक्य अर्धं पोहोचेल. तिथे 'सही तुमचीही लागते' असं आधी कुणाच्या तरी तोंडी घालावं लागेल. न बोललेलं कळायला प्रेक्षकाच्या गाठीशी काहीतरी असावं लागतं. लेखक नवखा असेल तर त्याला वाटतं की आपण सुचवलं, पण प्रेक्षकाकडे ते उलगडायची किल्लीच नसते.

४. तिसरं कोण ऐकतंय?

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ देतो. ती मला संस्कृतच्या एका निवृत्त शिक्षकांनी दिली, देवळाच्या पायरीवर बसून.

९व्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोक' लिहिला. बोललेल्या अर्थापेक्षा सुचवलेला अर्थ वेगळा कसा असतो, ते दाखवायला त्यानं जी गाथा घेतली ती आपल्या महाराष्ट्री प्राकृतातली, हालाच्या गाथासप्तशतीतली आहे:

भम धम्मिअ वीसत्थो सो सुणओ अज्ज मारिओ देण।
गोलाणईकच्छकुडंगवासिणा दरिअसीहेण॥

बाई सांगतेय, "महाराज, आता निर्धास्त फिरा. ते कुत्रं आज मारलं गेलं. गोदाकाठच्या त्या झाडीत माजलेला सिंह राहतो ना, त्यानं मारलं." शब्दांनी ती 'फिरा' म्हणते. पण कुत्र्याला भिणारा माणूस सिंह असलेल्या झाडीत पाऊल टाकेल का? ती झाडी हे तिचं प्रियकराला भेटायचं ठिकाण आहे, आणि हा धार्मिक तिथे येऊन तिची अडचण करतो. परवानगीच्या शब्दांत तिनं मनाई घातलीय. तिला 'येऊ नका' म्हणता येत नाही, कारण पुढचा प्रश्न 'का?' असा येईल.

मम्मट त्यानंतरचा, ११व्या शतकातला. 'काव्यप्रकाशा'त असा दुसरा अर्थ कशाकशामुळे उगवतो त्याची त्यानं यादीच दिलीय: बोलणारा, ऐकणारा, आवाजातला हेल, वाक्य, वाक्याचा सरळ अर्थ, तिसऱ्याची हजेरी, प्रसंग, जागा, वेळ. आवाजातल्या हेलाला तो 'काकु' म्हणतो आणि तिसऱ्याच्या हजेरीला 'अन्यसन्निधि'. ही यादी मी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलीय. अन्यसन्निधीचं त्याचं उदाहरण असं: सून कुणापाशी तरी तक्रार करते की सासू दिवसभर कामाला जुंपते, संध्याकाळी कुठे क्षणभर विसावा मिळाला तर मिळतो. ऐकणारीला ही रोजची रड वाटते. जवळच उभ्या असलेल्या त्याला मात्र भेटीची वेळ कळते.

आपल्या प्रवेशात तिसरी आहे ती आई. म्हणून कोऱ्या पानावर दोन प्रश्न लिहा. हे वाक्य आईच्या कानावर कसं पडतंय? सुहासच्या कानावर कसं? आईला 'चष्मा मोडलाय' म्हणजे चष्मा मोडलाय. सुहासला तो नकार आहे. आई मधेच तोंड घालते तेव्हा वहिनीचा 'कोणी नाही, आई' दोन ठिकाणी लागतो. आईची समजूत निघते, आणि सुहासला कळतं की फोंड्याला कोणीही जाणार नाही.

आईला उठवून परसात पाठवा आणि हाच प्रवेश पुन्हा वाचा. वहिनी सरळ बोलू शकेल. आडून बोलायचं कारणच राहणार नाही. कारण उरत नसेल आणि पात्रं तरी आडवळणानं बोलत असतील, तर तिथे सबटेक्स्ट नसतो. तिथे लेखकानं प्रवेश उगाच लांबवलेला असतो.

५. हाक बदललीय का?

मराठीत ही खूण पकडायला सगळ्यात सोपी आहे, आणि तरी सगळे ती वगळून पुढे जातात. सुहास आठ वर्षांचा असताना वहिनी या घरात आली. पहिल्या अंकात फोनवर ती त्याला "सुहास, तू जेवलास का रे" असं विचारते. पत्र वाचल्यानंतरच्या या प्रवेशात "हातपाय धुवा, भावजी." 'तू'चा 'तुम्ही' झाला आणि मायेचं माणूस पाहुणा झालं. त्यासाठी आवाज बदलावा लागत नाही. संहितेतल्या सगळ्या 'तू' आणि 'तुम्ही'खाली रेघ मारत जा, आणि जिथे बदल होतो त्याच्या आधीच्या दोन पानांत काय घडलं ते पाहा.

एक सापळा मात्र आहे. आपल्या भाषेत कितीतरी वाक्यं मुळातच आडवळणाची असतात. निघताना आपण 'येतो' म्हणतो, दिवा 'वाढवतो'. हे संकेत झाले, त्यांत काही दडलेलं नसतं. आमच्या एका नव्या नटानं 'बरं, येतो' या वाक्यावर 'परत येण्याची धमकी' असं टिपण केलं होतं. उलट, रोज 'येतो' म्हणणारा माणूस एक दिवस उंबऱ्यावर 'जातो' म्हणाला तर कान टवकारा. रीत काय आहे ते ठाऊक असेल तरच ती मोडल्याचं कळतं.

टोमण्याचंही तसंच. 'आलात? लवकरच आलात!' यातला दुसरा अर्थ समोरच्याला लागावा म्हणूनच बोललेला असतो, तो लपवलेला नसतो. टोमण्यात बोलणारा उघडा पडतो, आणि वहिनीला तर तेच टाळायचंय.

६. न बोललेलं वाक्य लिहा आणि त्याच्या जागी ठेवून पाहा

आता फुली मारलेल्या वाक्यासमोर एकच वाक्य लिहा, पात्राच्याच तोंडचं: 'मी सही करणार नाही.' 'तिला दुःख झालं आहे', 'घराबद्दल जिव्हाळा' असलं काही लिहू नका. ते कुणाला बोलता येत नाही, म्हणून नटाला त्याचा उपयोग नाही.

मग ते वाक्य खरोखर चष्म्याच्या जागी ठेवून प्रवेश मोठ्यानं वाचा. आम्ही तालमीत हे केलं. 'मी सही करणार नाही' म्हटल्याबरोबर आई डोळे उघडते, 'कसली सही?' आणि पुढचा सगळा अंक तिथेच फुटतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुहासला तोंड उघडायला जागा मिळते. 'का नाही?', 'पैसे सारखे वाटू', 'दादाला विचारा'. उघड नकाराशी वाद घालता येतो. मोडक्या चष्म्याशी काय वाद घालणार? त्याच्या हातात एवढंच राहतं की त्यानं नवा चष्मा देऊ करावा. आणि तो देतोच! 'मी करून देतो चष्मा' म्हणजे 'तुझ्या नकाराची किंमत सांग.' त्यावर 'नको. माटोळी दिसते तेवढी.' चष्मा, घर, सही या सगळ्यांना मिळून तिचं ते एक उत्तर.

अदलाबदल करूनही प्रवेशात काही फरक पडला नाही, तर समजा की ते वाक्य खरंच साधं होतं. फुली पुसून टाका. 'आंबाडे, तोरिंजन सगळं आलंय' यावर मी बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी तो नुसता माटोळीचा हिशेब निघाला.

७. सापडलं की बोलून दाखवू नका

सबटेक्स्ट कळलेला नट न कळलेल्यापेक्षा जास्त बिघडवतो. आमची वहिनी करणारी मुलगी हुशार होती. तिला अर्थ कळला आणि दुसऱ्या दिवसापासून 'चष्मा' म्हणताना ती सुहासकडे डोळे रोखून पाहायला लागली. मधे थांबायची, आवाज जड करायची. अशानं कोपऱ्यातल्या आईला कळल्याशिवाय राहील का? चौथी पायरीच ढासळली.

दिग्दर्शकांनी तिच्या हातात सुंभ आणि आंबाड्यांचा घोस दिला. म्हणाले, "वाक्य संपायच्या आत गाठ बसली पाहिजे. बाकी काही करू नकोस." पहिले दोन दिवस गाठ सुटायची आणि आंबाडे खाली पडायचे. तिसऱ्या दिवशी ती गाठीकडे बघतच बोलली, जसं आपण काम करताना बोलतो तसं. घोस बांधला गेला आणि सुहास खाली हात लोंबवून उभा राहिला. त्याला वर बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी प्रॉम्प्टिंगची वही मिटली.

८. न वाचलेल्या माणसाला बसवा

सुरुवातीला बाजूला ठेवलेलं माणूस आता बोलवा. त्याला मागची गोष्ट दोन ओळींत सांगा: पत्र आलंय, वहिनीनं ते वाचलंय. प्रवेश एकदाच दाखवा आणि विचारा, "पुढे काय होईल?" 'तिला काय म्हणायचं होतं?' असं विचारू नका. तसं विचारलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखं उत्तर देतं. 'दोघी-तिघं मिळून चष्मा करायला जातील' असं तो म्हणाला तर मागच्या पानांवर काहीतरी कमी पडतंय. 'आता हा थोरल्या भावाला गाठणार' म्हणाला तर काम झालंय.

आमच्याकडे हे माणूस मिळालं नाही. तालमी देवळाच्या मंडपात चालायच्या, त्यामुळे सगळ्या गावाला नाटक आधीच पाठ. म्हणून धाकधूक प्रयोगापर्यंत राहिली. काल्याच्या रात्री हा प्रवेश सुरू झाला तेव्हा दीड वाजून गेला होता, पुढच्या चटईवर निम्मी पोरं झोपलेली. वहिनी गाठ मारत म्हणाली, "चष्मा मोडलाय माझा." क्षणभर काही नाही. मग बायकांच्या बाजूनं शेजारणीला सांगितल्यासारखा, पण सगळ्यांना ऐकू येईल असा एका म्हातारीचा आवाज आला, "ती सय करची ना."

संहितेत 'सही' हा शब्द तोवर कुणीच उच्चारलेला नव्हता.